खो येऊ दे वं, मंग ऊठ

शाळेच्या संघासाठी लिहिलेलं कुठलंही गाणं घ्या आणि त्यातलं शाळेचं नाव पुसून टाका. उरलेलं गाणं शेजारच्या तालुक्यातल्या संघाला एक अक्षरही न बदलता म्हणता आलं, तर ते गाणं कुठल्याच संघाचं नाही. शाळांच्या संघांसाठी गाणी बांधण्याच्या कामात बरीच वर्षं गेल्यावर माझं मत या एका कसोटीवर स्थिरावलं आहे. जिंकू, झुंजू, पुढे जाऊ, हार मानणार नाही, ध्वज उंच धरू, अशा ओळींमध्ये खोटं काही नसतं. पण त्या म्हणताना मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. ‘हार मानणार नाही’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे खो-खोच्या पाटीवर बसलेल्या मुलीला त्यातून कळत नाही. उलट ‘हाताचा स्पर्श झाल्याशिवाय उठायचं नाही’ असं म्हटलं, तर तिला काल संध्याकाळी आपण केव्हा उठलो ते आठवतं. संघाचं प्रेरणागीत सरावातल्या खऱ्या क्षणांतून बांधावं, घोषणांतून बांधू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. ते सिद्ध करण्यासाठी वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजासारख्या गावातला मुलींचा खो-खोचा संघ समोर ठेवतो. काळी माती, सोयाबीनचा हंगाम, गाडीच्या वेळेवर संपणारा सराव, या परिसरातल्या कुठल्याही शाळेला ओळखीच्या असलेल्या गोष्टी त्यात आहेत.

खो-खो निवडण्याचं कारण असं, की या खेळात आवाज हा नियमाचाच भाग आहे. आठ जणी पाटीवर बसतात, शेजारशेजारच्या दोघींची तोंडं विरुद्ध दिशांना असतात, आणि नववी पाठलाग करते. तिनं बसलेल्या सोबतिणीच्या पाठीला मागून हात लावायचा आणि त्याच वेळी मोठ्यानं ‘खो’ म्हणायचं. हात आधी आणि शब्द मागाहून, किंवा शब्द आधी आणि हात मागाहून, दोन्ही चुकीचं. बसलेली मुलगी खो मिळण्याआधी उठली तर तोही नियमभंग. पंचाची शिट्टी वाजते, पाठलाग करणारीला मागं वळून चूक दुरुस्त करावी लागते, आणि हाताच्या अंतरावर आलेली पळणारी तेवढ्यात निसटते. नव्या संघाचे किती तरी गडी असेच हातातून जातात, आणि त्याचं कारण कमी वेग हे क्वचितच असतं. पाठीमागून पावलं ऐकू आली की बसलेली मुलगी उतावीळ होते, खो येणारच आहे म्हणून अर्धी उठते. शिक्षक मैदानाच्या कडेवरून ओरडतात, सोबतिणीही ओरडतात, आणि त्या ओरडण्यातच गाण्याचं ध्रुपद तयार असतं. वऱ्हाडी बोलीत मुली एकमेकींना जे बजावतात तेच घ्यायचं: ‘खो येऊ दे वं, मंग ऊठ.’ धीर धर, संयम ठेव, योग्य क्षणाची वाट पाहा, असं सांगणाऱ्या दहा ओळींचं काम ही एक ओळ करते. शिवाय ती मैदानावर जशीच्या तशी खरी उतरते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ: असे क्षण सापडतात कसे? मुलींना वर्गात बसवून ‘तुम्हाला कशानं स्फूर्ती मिळते’ असं विचारलं तर कागदावर घोषणाच येतात. मेहनत, जिद्द, आईवडिलांचं स्वप्न, शाळेचं नाव. मुली खोटं बोलत नसतात. प्रश्नच निबंधाचा असतो, म्हणून उत्तरही निबंधाचं येतं. ‘काल कोण पडलं? कुठं पडलं? मग काय केलं?’ असं विचारलं की तोंडं उघडतात. त्याहून चांगलं म्हणजे काहीच न विचारता आठवडाभर मैदानाच्या कडेला वही घेऊन बसणं. वहीत विशेषणं लिहायची नाहीत. कुणी काय केलं आणि कुणी काय म्हटलं, एवढंच उतरवायचं, तेही त्याच बोलीत. आठवडाभरात पाच-सहा पानं भरतात. त्यातलं बरंचसं टाकाऊ असतं, पण तीन-चार नोंदी अशा निघतात की त्या वाचून दाखवल्या तर सगळा संघ एकमेकींकडे बघून हसतो. हसू आलं की समजावं, तो क्षण सगळ्यांचा आहे.

अशी एक नोंद जवळून बघण्यासारखी आहे. शालेय स्पर्धांचा हंगाम आणि सोयाबीनच्या सोंगणीचा हंगाम या भागात एकमेकांवर येतात. भाद्रपद सरता सरता शेतात माणसं कमी पडू लागतात, आणि मैदानावर मुली. बारा जणींच्या संघातल्या चार-पाच जणी आठवडाभर दिसत नाहीत. पाटीवर आठ जागा भरायच्या तर तिथं पाचच जणी बसलेल्या. अशा वेळी सराव थांबू नये म्हणून रिकाम्या चौकोनात चप्पल ठेवायची युक्ती मुलीच काढतात. त्या चौकोनाला त्यांच्या तोंडी ‘घर’ म्हणतात. पाठलाग करणारी चपलेपाशी पोचली की तिनं वाकून हात लावायचा, पूर्ण आवाजात ‘खो’ म्हणायचं, आणि मग चपलेच्या वतीनं स्वतःच पुढं पळायचं. यात एक बारकी गोष्ट आहे, जी बाहेरून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. चपलेला खो देताना आवाज हळू येतो, कारण समोर ऐकणारं कुणी नसतं. शिक्षकांना दर वेळी सांगावं लागतं की चपलेलाही तितक्याच मोठ्यानं. कारण रिकाम्या घराला पुटपुटत खो द्यायची सवय लागली, तर सामन्यात भरलेल्या घरालाही पुटपुटतच दिला जातो. शेतात गेलेली मुलगी परत आली की तिला कळतं, आपल्या जागी चप्पल होती आणि आपलं घर कुणी मोडलं नव्हतं. एकजूट या विषयावर कितीही ओळी लिहिल्या तरी इतकं सांगून होणार नाही. त्या नोंदीचं कडवं असं झालं:

सोंगणीच्या दिवसात घरं रिकामी,
चप्पल ठेवली, खो देल्ला आम्ही.
खो येऊ दे वं, मंग ऊठ,
पाठीवर हात, मंग ऊठ.

या ओळींत एकही मोठा शब्द नाही, तरी गाताना आवाज आपोआप चढतो. अवघड कामाची गाणी आपल्याकडे पूर्वीपासून अशीच आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी १९८० च्या दशकापासून खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ म्हणजेच ‘पारी’च्या संकेतस्थळावर उघडत चालला आहे. पहाटे जातं ओढणं हे खांदे भरून आणणारं काम. तरीही दळणारी बाई स्वतःला ‘ओढ, थकू नकोस’ असं बजावत बसत नाही. ती भाऊ, लेक, माहेरची वाट, दारातलं झाड, विठ्ठल, शेजारणीचं बोलणं यांविषयी गाते. काम सोपं होतं ते तपशिलात मन गुंतल्यामुळं. वऱ्हाडातल्या भुलाबाईच्या गाण्यांचंही तसंच आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली टाळ्या किंवा टिपऱ्यांच्या तालावर ती म्हणतात. सासर-माहेर, दागिने, खिरापत, एकातून दुसरी वस्तू काढत गाणं पुढं सरकतं. म्हणजे ज्या महिन्यात शाळेचा संघ तालुका आणि जिल्हा पातळीवर खेळतो, त्याच महिन्यात त्याच मुलींच्या तोंडी तपशिलांनी भरलेली गाणी असतात. त्यांना घोषणांचं गाणं देणं म्हणजे त्यांच्याजवळ असलेलं सोडून उसनं घेणं. चालही बाहेरून आणायची गरज नाही. भुलाबाईच्या टाळीची लय किंवा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळं विदर्भाच्या गावागावात पोचलेला खंजिरीचा ठेका, यांपैकी कुठलाही घेतला तरी मुलींना शिकवावा लागत नाही.

लयीचा हिशेब मात्र नीट करावा लागतो, आणि बरीच गाणी तिथंच फसतात. संघगीताची खरी जागा म्हणजे सरावाआधीची मंद धाव आणि सामन्याला जातानाचा प्रवास. मंद धावताना मिनिटाला साधारण दीडशे पावलं पडतात. दर दुसऱ्या पावलाला टाळी धरली तर मिनिटाला पंचाहत्तर टाळ्या झाल्या. चार टाळ्यांची एक ओळ म्हणजे तीन सेकंदांहून किंचित जास्त. धावणाऱ्या मुलीला एका श्वासात एवढंच म्हणता येतं. ‘खो येऊ दे वं, मंग ऊठ’ म्हणून बघा: खो, दे, मंग, ऊठ, अशा चार टाळ्या स्पष्ट पडतात. याउलट ‘ध्येयाच्या उत्तुंग शिखरावर आम्ही’ अशी ओळ धावता धावता म्हणायला लावली तर अर्ध्यात दम तुटतो आणि शेवटचा शब्द गिळला जातो. गाणं मैदानाचं आहे की स्नेहसंमेलनाचं, हे त्यावरूनच कळतं. एकीनं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती परतवायची, अशी रचना ठेवली की प्रत्येकीला श्वास घ्यायला एक ओळ मोकळी मिळते. गाण्याचा जोर कुठवर पुरतो, हेही समजून घ्यावं. ब्रुनेल विद्यापीठातले कोस्टास कारागिऑर्गिस यांनी व्यायाम आणि संगीत या विषयावर अनेक वर्षं संशोधन केलं आहे. त्यातून पुढं आलेली एक गोष्ट अशी, की बेताच्या श्रमात संगीतामुळं श्रम कमी जाणवतात, पण श्रम अगदी टोकाला गेले की तो परिणाम ओसरतो. पाठलागाच्या शेवटच्या मिनिटात गाणं मुलीला ओढून नेणार नाही. तिथं कामाला येते ती गाण्यातून अंगात मुरलेली सूचना.

घोषणांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा पहिला आक्षेप इथंच येतो. ते म्हणतात, सामन्यात तपशील कुणाला सुचतो? तिथं एक दणदणीत आरोळीच लागते. खो-खोपुरतं तरी हे उलट आहे. दिलेला खो बसलेल्या मुलीला ऐकू यायला हवा आणि पंचालाही. कडेला पंचवीस मुलं एकसुरात आरोळी ठोकत असतील तर तो एकच महत्त्वाचा शब्द बुडतो. खेळ चालू असताना आपल्या संघाला सगळ्यात मोठी मदत म्हणजे शांतता. म्हणून संघगीत खेळाच्या आधी आणि मधल्या विश्रांतीत म्हणावं, खेळ सुरू झाला की नाही, हे मुलांना आणि पालकांनाही सांगून ठेवलेलं बरं. आरोळीचं काम वेगळं आहे, आणि ते मी नाकारत नाही. ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हटलं की रस्त्यावरची हजार अनोळखी माणसं क्षणात एक होतात. गर्दीला बांधायला घोषणेसारखं दुसरं काही नाही. पण या बारा जणी अनोळखी नाहीत. रोज संध्याकाळी एकमेकींच्या पाठीला हात लावणाऱ्या मुलींना जोडायला घोषणा लागत नाही. एकमेकींचं काय चुकलं आणि काय जमलं हे त्यांना माहीत असतं, आणि गाण्यानं तेच धरायचं असतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पडण्याचं, चुकण्याचं, घरं रिकामी राहण्याचं गाणं मुलींच्या तोंडी दिलं तर त्यांचं मनोबल खचणार नाही का? खचू शकतं, आणि म्हणून काही पथ्यं पाळावी लागतात. पहिलं असं, की चूक आणि तिची दुरुस्ती, दोन्ही एकाच कडव्यात आली पाहिजेत. खांबावरच्या सुराचं उदाहरण घेऊ. पळणारी खांबाला वळसा घालून पलीकडं जाते, तेव्हा पाठलाग करणारी एका हातानं खांब धरून अंग झोकून देते आणि दुसरा हात लांबवते. शिकाऊ मुली खांबावरची पकड फार लवकर सोडतात. पकड सुटली की अंग फेकलं जातं, कोपर मातीवर घासतं आणि हात चार बोटं कमी पडतो. पकड टिकवली की तेच अंतर पुरतं. वहीतल्या नोंदी लागोपाठच्या दोन दिवसांच्या होत्या. कडवं करताना त्या एकत्र आणल्या:

खांब सुटला, कोपर सोललं,
खांब धरला, बोट पोचलं.

पहिल्या ओळीत पडणं आहे, दुसऱ्यात जमणं आहे, आणि दोन्हींच्या मधलं कारणही आहे. कारण नसतं तर दुसरी ओळ नुसती आशा झाली असती. दुसरं पथ्य म्हणजे जे अजून सुटलेलं नाही ते गाण्यात घ्यायचं नाही. दुखापत भरलेली नाही, भांडण मिटलेलं नाही, स्पर्धेतला पराभव कालचाच आहे, तर त्या नोंदीला वहीतच राहू द्यावं. तिसरं पथ्य नावाचं. गाण्यात कुणाचंही नाव नको, आणि चूक एकीच्याच माथी येईल असा खुणेचा तपशीलही नको. कोपर निम्म्या संघाचं सोललेलं असतं, म्हणून ते कडवं चालतं. एकीलाच सतत घडणारी गोष्ट असेल तर ती कितीही चित्रदर्शी असली तरी सोडून द्यावी. सोंगणीच्या कडव्यालाही हेच लागू. जिथं बहुतेक घरांतून मुली शेतावर जातात तिथं ते सगळ्यांचं आहे. जिथं एकाच मुलीला घरच्या अडचणीमुळं जावं लागतं तिथं तेच कडवं तिला बोचेल. एकाच गावात एका वर्षी योग्य असलेली ओळ दुसऱ्या वर्षी अयोग्य ठरू शकते.

घोषणा कधी कधी तपशिलाचा वेष घेऊन येते, तीही ओळखता आली पाहिजे. काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर तळव्यांना चिखल असा धरतो की पाऊल उचलताना जड लागतं. मुली मध्येच थांबून दगडावर पाय घासतात. हा तपशील खरा आहे, पण त्यावर ‘चिखल तुडवू, विजय मिळवू’ अशी ओळ केली की चिखल नुसता शोभेला उरतो. इथं ओळखण्याची खूण क्रियापदात आहे. ‘तुडवू’, ‘मिळवू’ ही पुढं कधीतरी घडणारी क्रियापदं आहेत. ‘सुटला’, ‘धरला’, ‘ठेवली’, ‘देल्ला’ ही घडून गेलेली आहेत. संघाच्या गाण्यातली निदान निम्मी क्रियापदं घडून गेलेली असावीत, म्हणजे ते शपथ न होता साक्ष होतं. शपथ मोडली की गाणाऱ्याला लाज वाटते. साक्षीला तो धोका नसतो, कारण सामना हरला तरी चपलेला खो दिला होता हे खरंच राहतं. पराभवानंतर परतीच्या गाडीत कुठलं गाणं म्हणता येतं, ही मला सगळ्यात कडक परीक्षा वाटते. ‘जिंकणारच’ असं म्हणत गेलेला संघ परतताना गप्प असतो, त्याच्या गाण्याला आता जागा उरलेली नसते.

मग जिंकण्याची इच्छा गाण्यात यायचीच नाही का, असं विचारलं जातं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. त्यानंतर शाळाशाळांच्या गाण्यांत विश्वविजयाचे शब्द येणं स्वाभाविक आहे, आणि त्या अभिमानात गैर काही नाही. पण तालुक्याच्या मैदानावर मातीत अनवाणी खेळणाऱ्या मुलीला विश्वचषकापर्यंतचं अंतर मोजायचं कोणतंही साधन ती ओळ देत नाही. खो-खोनं असं साधन दिलेलं आहे, आणि ते म्हणजे घड्याळ. कोण किती वेळ नाबाद पळालं हे या खेळात मिनिटा-सेकंदांत मोजलं जातं. वर्तमानपत्रातल्या बातमीतही खेळाडूच्या नावापुढं तिनं दिलेली संरक्षणाची वेळ छापतात. सरावात स्टॉपवॉच प्रत्येक शाळेकडे असतंच असं नाही. मग बाहेर बसलेल्या मुली मोठ्यानं आकडे मोजतात. नऊ जणी मैदानात आणि तिघी बाहेर, अशा संघात या तिघींना दुसरं काम नसतं, आणि गाण्यांतही त्यांना सहसा जागा नसते. मोजणीचं कडवं त्यांचं आहे:

काल चाळीसले बाद झाली,
आज पन्नास मोजून आली.

यात जिंकण्याची इच्छा पुरेपूर आहे, फक्त ती दहा आकड्यांएवढी आहे आणि त्या दहाही आकड्यांना साक्षीदार आहेत. या कडव्याची ओळ बदलतीही ठेवता येते. पन्नासचे साठ झाले की साठ म्हणायचे. मात्र मोजलेले नसताना म्हणायचे नाहीत, एवढा नियम मुलींनीच लावून घेतला तर तो शिक्षकांनी लावलेल्या नियमापेक्षा जास्त टिकतो. आकडा खोटा निघाला तर मोजणाऱ्या तिघी लगेच अडवतात, आणि राखीव खेळाडूंचा संघात आवाज असावा ही अवघड गोष्ट त्यातून अगदी सहज साधते.

बोलीबद्दलही विचारणा होते. ‘वं’, ‘मंग’, ‘देल्ला’ हे शब्द शाळेच्या गाण्यात शोभतात का? परिपाठात प्रमाण मराठी असावी, याला माझा विरोध नाही. पण मैदानावर सूचना ज्या आवाजात येते त्याच आवाजात गाण्यात आली तर ती सूचना म्हणून काम करते. ‘खो मिळू दे, नंतर ऊठ’ असं शुद्ध केलं की ते पाठ्यपुस्तकातलं वाक्य होतं, आणि पाठीमागून पावलं येत असताना पाठ्यपुस्तक आठवत नाही. जिथल्या मुली घरी गोरमाटी किंवा दुसरी भाषा बोलतात तिथं एखादी ओळ त्या भाषेत आली तरी चालेल. अट एवढीच, की ती मुलींनी मैदानावर खरोखर वापरलेली असावी, विविधता दाखवायला जोडलेली नसावी. पाहुण्यांना असं गाणं कळणार नाही, ही भीतीही निराधार आहे. चपलेला खो देणारी मुलगी कुठल्याही पाहुण्याला दिसते. ‘उत्तुंग शिखर’ मात्र कुणालाच दिसत नाही.

शेवटचा आक्षेप टिकाऊपणाचा. या मुली दोन-तीन वर्षांत दहावी करून निघून जातील. मग चपलेचं कडवं नव्या मुलींसाठी पुन्हा ऐकीव घोषणाच होणार नाही का? होऊ शकतं, आणि हा आक्षेप मी पूर्णपणे खोडू शकत नाही. त्यावर लोकगीतांनी शोधलेला तोडगा तेवढा आपण वापरू शकतो: ध्रुपद कायम ठेवायचं आणि कडवी बदलायची. खो मिळण्याआधी उठणं ही चूक दर वर्षीच्या नव्या संघात होणारच, म्हणून ध्रुपद शिळं होत नाही. कडवी मात्र दर हंगामाला नव्या वहीतून यावीत. जुन्यांपैकी एखादंच ठेवावं, तेही नव्या मुलींनी मागितलं तर. चार कडव्यांच्या पुढं गाणं नेऊ नये, कारण मैदानाला चार फेऱ्या मारून झाल्या की धाव संपते. नवं कडवं आलं की जुनं एक खाली उतरतं. कुठलं उतरवायचं यावर मुलींचं भांडण झालं तर होऊ द्यावं, कारण आपल्या वर्षाचं काय उरावं हे तेव्हा त्या ठरवत असतात.

तेव्हा वाशीम जिल्ह्यातल्या, आणि खरं तर कुठल्याही जिल्ह्यातल्या क्रीडा शिक्षकांना एक विनंती आहे. यंदाच्या हंगामात गाणं लिहून घेण्यासाठी गावातल्या कवीकडं जाण्याआधी एक आठवडा नोंदी करा, आणि त्या नोंदी मुलींना वाचून दाखवा. जे कडवं तयार होईल ते शाळेच्या क्रीडा नोंदवहीत, निकालांच्याच पानावर लिहा. त्याच्यापुढं साल टाका, आणि खाली दोन ओळींत तो प्रसंग काय होता तेही लिहून ठेवा. तालुक्याला कितवा क्रमांक आला हे त्या वहीत असतंच. त्या वर्षी पाटीवर किती चपला होत्या, हेही तिथं असू द्या.